पानं झडलेलं सीताफळ: झोपलंय की गेलंय?

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. भेगा पडलेली काळी जमीन, धुऱ्यावर उभी एक करडी काडी, मागे उन्हानं पांढरं झालेलं आभाळ. खाली प्रश्न: "काकू, हे झाड मेलं का वो?" अशा फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही. दहा हातांवरून काढलेल्या फोटोत मेलेलं सीताफळ आणि झोपलेलं सीताफळ अगदी सारखं दिसतं. फरक असतो तो ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान डोळ्यात, म्हणजे जिथून नवा फुटवा निघतो त्या कळीत, आणि सालीखालच्या कागदाएवढ्या जाड थरात. तो कसा बघायचा, एवढंच इथे सांगते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात लहानशी रोपवाटिका चालवते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातला एक मुलगा आला. पुण्यातली नोकरी सोडून वडिलांची शेती बघायला लागलेला. जुलैत त्यानं धुऱ्यावर बालानगर जातीच्या सीताफळाची २४ कलमं लावली होती. "सारे वाळले, काकू. हिवाळ्यापर्यंत हिरवे होते. आता उपटून टाकतो अन् पावसाळ्यात दुसरे लावतो." मी म्हटलं, उपटायच्या आधी एक सकाळ मला दे. त्या सकाळी जे केलं, तेच इथे त्याच क्रमानं लिहिते आहे.

हात लावायच्या आधी: झाड कोणतं, महिना कोणता

आपल्याकडची निम्मी झाडं उन्हाळ्यात मुद्दाम उघडी होतात. सागाला जूनपर्यंत पान नसतं. पळस आणि मोह तर फुलतातच पानांवाचून. बोर एप्रिल-मेमध्ये पानं टाकतं, चाफा हिवाळ्यातच टाकून मोकळा होतो. सीताफळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतं आणि पाण्याची सोय असेल तर लवकर, कोरडवाहूत असेल तर वळवाच्या सरी किंवा मृग लागल्यावर फुटतं. म्हणजे एप्रिलमध्ये सीताफळाला पान नसणं, हे त्याच्या वेळापत्रकात बसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

संत्र्याला मात्र हा हिशेब लावू नका. संत्रा, मोसंबी, लिंबू, पेरू, आंबा ही बारमाही हिरवी झाडं. बहारासाठी पाणी तोडून ताण दिला की संत्र्याची पाव हिस्सा पानं पिवळी पडून गळतात, ते ठीक. पण एप्रिलमध्ये संत्र्याचं झाड पूर्ण उघडं दिसलं तर ते झोपलेलं नाही, आजारी आहे. शेंड्याकडून सल पडत खाली येत असेल तर मुळाशी काहीतरी बिघडलंय. त्याला पावसाची वाट बघत ठेवायचं नसतं. तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा: या झाडाला या महिन्यात पानं असायला हवी होती का?

पानं कशी गेली, हे आठवा

नवीन लोक ही खूण हमखास सोडून देतात. मला तर ती सगळ्यात उपयोगाची वाटते.

झाड पान टाकतं तेव्हा ते काम करत असतं. देठ जिथे फांदीला चिकटलेला असतो तिथे ते पेशींचा एक पातळ थर तयार करतं, त्या थरावर पान सुटतं आणि मागे स्वच्छ, बुजलेला वण राहतो. हे करायला फांदी जिवंत असावी लागते. झाड किंवा फांदी अचानक मेली तर हा थर बनवायला वेळच मिळत नाही. पानं तपकिरी होऊन, चुरगळून जागच्या जागी लोंबत राहतात आणि ओढली तर देठाचा तुकडा फांदीवरच राहतो.

म्हणून मी त्या मुलाला आधी हेच विचारलं, "पानं आपोआप पडली की तशीच वाळून राहिली?" त्याला सगळ्यांचं आठवत नव्हतं. पण २४ पैकी ४ झाडांना अजून सुकी पानं लटकत होती. त्या चारांना मी सुतळीचा तुकडा बांधून ठेवला. अजून निकाल द्यायचा नव्हता, फक्त संशय नोंदवायचा होता. सागासारख्या झाडांची काही सुकी पानं बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे या एका खुणेवर झाड उपटू नये.

डोळ्याचा फोटो

सीताफळाची एक खासियत आधी सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. बहुतेक झाडांचा डोळा पानाच्या बगलेत उघडा दिसतो. सीताफळाचा दिसत नाही. त्याच्या देठाचं बूड आतून पोकळ असतं आणि डोळा त्या पोकळीत टोपीखाली झाकल्यासारखा असतो. पान गळलं की टोपी निघते आणि वणाच्या मधोमध बारीक, तपकिरी लव असलेला ठिपका उघडा होतो. तो डोळा. म्हणजे पान गळल्याशिवाय सीताफळ फुटूच शकत नाही. पानगळ हा त्याच्या नव्या पालवीचा पहिला टप्पा आहे.

हा ठिपका नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, माझ्या वयात तर नाहीच. म्हणून फोन. फोटो सकाळी ७ च्या आसपास काढा. १० नंतरच्या उन्हात सालीवर चकाकी येते आणि डोळ्याची सावली काळी पडते, मग जिवंत डोळाही जळाल्यासारखा दिसतो. ऊन अंगावर आलंच असेल तर स्वतःची सावली फांदीवर पाडा. फ्लॅश बंद ठेवा. हिरव्या शेडनेटखाली फोटो काढू नका. तिथे सगळंच हिरवट दिसतं आणि आपल्याला तर रंगच बघायचा असतो.

फोन फांदीला चिकटवू नका, चित्र पुसट येतं. एक वीतभर अंतर ठेवा आणि दुप्पट झूम करा. फांदी बारीक असल्यामुळे कॅमेरा मागची जमीन पकडतो. त्यासाठी फांदीच्या मागे तळहात किंवा वहीचं पान धरा आणि पडद्यावर डोळ्याच्या जागी बोट टेकवा. शेजारी काडीपेटीची एक काडी धरा. तिच्या गुलावरून डोळा केवढा आहे हे पुढच्या वेळी ताडून बघता येतं. फोटो कोणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की बारकावे निघून जातात.

एका झाडाचे तीन फोटो पुरतात: शेंड्याजवळचा एक डोळा, मधला एक, आणि कलमाच्या सांध्याच्या थोडा वरचा एक. त्या तीन डोळ्यांखाली रंगीत दोरा सैल बांधा. पुढच्या आठवड्यात नेमका तोच डोळा, त्याच बाजूनं टिपायचा आहे. दोरा बांधला नाही तर आपण दर वेळी सगळ्यात चांगला दिसणारा डोळा शोधतो आणि स्वतःची फसवणूक करतो.

आता फोटो मोठा करून बघा. जिवंत डोळा भरलेला असतो. त्याची लव जागेवर असते, तो फांदीत घट्ट रुतलेला असतो, भोवतीची साल सपाट असते. मेलेला डोळा आक्रसलेला, खोल गेलेला, काळपट आणि कोरडा दिसतो. बऱ्याचदा त्याच्याभोवती सालीला सुरकुत्या असतात. बोटानं हलकेच लोटला तर मेलेला डोळा भुग्यासारखा निघून येतो, जिवंत जागचा हलत नाही.

एका फोटोवरून मात्र "जिवंत दिसतो" एवढंच म्हणता येतं. खरी किंमत दोन फोटोंना आहे. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं काढलेल्या फोटोत डोळा गुलाच्या मानानं फुगला असेल, किंवा लवेच्या मधून फिकट हिरवी रेष दिसत असेल, तर पुढची चाचणी करायचीच गरज नाही. झाड जागं होतंय. पण काहीच बदल झाला नाही, तर त्यावरून झाड मेलं असं ठरत नाही. कोरड्या जमिनीतलं सीताफळ एप्रिल-मेचे सहा आठवडे तसंच्या तसं बसून राहू शकतं.

नखाची चाचणी

डोळा बाहेरून कळला नाही की सालीखाली बघायचं. बोटाएवढ्या फांदीला नख पुरतं, त्याहून जाडीला ब्लेड किंवा कलमाचा चाकू लागतो. चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. डाळिंबाच्या बागेत तर हे चुकवूच नका, तेल्या रोग हत्यारावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

जागा दोन डोळ्यांच्या मधली निवडा, म्हणजे डोळ्याला इजा होणार नाही. ओरखडा तांदळाच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको, आणि फांदीभोवती गोल तर कधीच नको. फक्त वरची करडी साल खरवडायची, लाकडापर्यंत जायचं नाही. आणि निघाला तो रंग लगेच बघायचा. उघडी पडलेली साल हवेनं तपकिरी होत जाते. तासाभरानं येऊन बघितलं तर जिवंत फांदीही मेलेली वाटेल.

सुरुवात शेंड्यापासून करा. तिथे तपकिरी आणि कोरडं निघालं तर एक वीत खाली या. पुन्हा तपकिरी, पुन्हा एक वीत खाली. जिथे पहिल्यांदा हिरवं, ओलसर दिसेल तिथे थांबा आणि त्या जागी तेलरंगाचा ठिपका द्या. झाडाची जिवंत हद्द इथपर्यंत आहे. तपकिरी लागलं की एकदा फांदीच्या दुसऱ्या अंगालाही खरवडून बघा. दुपारनंतरचं ऊन ज्या अंगावर येतं, तिथे साल भाजून मरते आणि उत्तरेचं अंग ठणठणीत असतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की कोवळ्या खोडाला हे होतंच.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच चुका होतात. कोवळ्या फांदीत सालीखाली जो हिरवा थर दिसतो त्यात हरितद्रव्य असतं. त्याच्या आत, लाकडाला लागून, वाढीचा खरा थर असतो, तो पांढरट आणि बुळबुळीत. जुन्या, जाड सालीच्या बुंध्यावर हिरवा थर जवळपास दिसतच नाही. तिथे थोडं खोल गेल्यावर पांढरट-पिवळसर आणि ओलं लागलं, तरी ते जिवंतच समजा. हिरवं दिसत नाही म्हणून जुनी झाडं मेलेली ठरवणारे मी बघितलेत. बोट लावून ओल लागते का, हे रंगाइतकंच महत्त्वाचं आहे.

कलम बांधणाऱ्या माणसाकडून ऐकलेली एक गोष्ट इथे चुकीची लावली जाते. "साल सुटते का बघा," असं ते म्हणतात. साल सुटते ती वाढीच्या दिवसांत, रस चढलेला असताना. झोपलेल्या झाडाची साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते. एप्रिलमध्ये साल सुटत नाही म्हणून झाड मेलं, असं मुळीच नाही.

शेवटचा ओरखडा मात्र सगळ्या झाडांना द्यायचा, शेंडा हिरवा असला तरीही. तो जमिनीला लागून, मातीच्या एक बोट वर. माती थोडी बाजूला करा आणि बुडाशी चारही अंगांनी बघा. वाळवी इथे साल खाते, ससे इथे कुरतडतात, आणि कलमाची प्लॅस्टिक पट्टी काढायची राहिली असेल तर ती सांध्यावर आवळत जाऊन खोडाचा गळा घोटते. बूड गेलं असेल तर वरची हिरवी साल म्हणजे शिदोरी संपेपर्यंतचे दिवस. फुलदाणीतली फांदी जशी पंधरा दिवस हिरवी राहते, तसंच ते.

याच कारणानं एका दिवसाच्या ओरखड्यावर "जिवंत" असा शिक्का मारू नका. नुकत्याच मेलेल्या खोडाची साल काही आठवडे हिरवट राहते. तिचा हिरवा रंग मळकट असतो, ओल कमी लागते, कधी आंबट वास येतो. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला हा फरक ओळखता येईलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे पंधरा दिवसांनी आधीच्या जागेपासून दोन बोटं बाजूला दुसरा ओरखडा. जिवंत हद्द जिथल्या तिथे असेल तर झाड धरून आहे. ती खाली सरकत असेल तर झाड हरतंय.

फांदी वाकवून बघायची पद्धत मी शेवटी ठेवते. वाकली तर जिवंत, कडकन मोडली तर मेली, असं म्हणतात. शेवग्याची जिवंत फांदीही कडकन मोडते, म्हणून या पद्धतीवर माझा फार विश्वास नाही. चाफ्यासाठी तर वेगळंच बघावं लागतं. त्याची फांदी दाबा. टणक असेल आणि टाचणी टोचल्यावर पांढरा चीक आला तर जिवंत. मऊ, पोचट लागली तर आतून सडलीय. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

त्या २४ झाडांचं काय निघालं

१४ एप्रिलला सकाळी आम्ही धुऱ्यावर गेलो. वहीत चार रकाने केले: झाडाचा नंबर, सुकी पानं लटकली आहेत का, जिवंत हद्द कुठे, बुडाशी काय.

१३ झाडांचा शेंड्यालाच हिरवा ओरखडा निघाला. डोळे भरलेले, बूड स्वच्छ. मुलगा एकदम खाली बसला. "काकू, मी हे उद्याच उपटणार होतो वो." मी काही बोलले नाही. रोपवाटिका सुरू केली त्या पहिल्या वर्षी मीही अशीच ११ सीताफळं उपटून उकिरड्यावर टाकली होती आणि त्यांची मुळं आतून पांढरीशुभ्र होती. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे.

६ झाडांचा शेंडा तपकिरी होता आणि हिरवं एक ते दोन वीत खाली लागलं. ३ झाडांत कलमाच्या सांध्याच्या वर सगळं तपकिरी आणि सांध्याखाली हिरवं. राहिलेल्या २ झाडांत जमिनीपर्यंत कुठेच ओल नाही. सुतळी बांधलेली चार झाडं कोणती होती? ही दोन, सांधा गेलेल्यांपैकी एक, आणि सहातलं एक.

सहातलं ते एक झाड लक्षात ठेवण्यासारखं आहे. मधल्या भागात चांगलं हिरवं दिसत होतं, पण सुकी पानं अजून फांदीवर होती. दोन खुणा एकमेकींच्या विरुद्ध. माती बाजूला केली तर बुडाशी वाळवीनं जवळजवळ पूर्ण वेढा घातलेला. म्हणजे साल हिरवी असूनही त्या झाडाची भिस्त शिदोरीवरच होती. वहीत मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग करायचं काय

निकाल लागेपर्यंत झाडाला जगू द्यायचं, एवढंच काम असतं, आणि नवीन माणूस नेमकं इथेच जास्त करतो. पान नसलेलं झाड पाणी फार कमी पितं. त्याला रोज पाणी दिलं तर काळ्या जमिनीत मुळं गुदमरून सडतात आणि मग झोपलेलं झाड खरंच मरतं. मी वर्षाच्या रोपाला आठ-दहा दिवसांनी चार-पाच लिटर देते, तेही संध्याकाळी आणि काडी खुपसून बघितल्यावर. काडीला चार बोटं खोल ओल लागली तर त्या आठवड्यात पाणी नाही.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण. उन्हाळ्यात भेगा पडतात, टाकलेलं पाणी भेगेतून खाली निघून जातं आणि पिशवीतल्या मातीचा गोळा कोरडाच राहतो. आधी आळ्यातल्या भेगा बारीक मातीनं बुजवा, मगच पाणी द्या. वर सोयाबीनचं कुटार पसरा, पण खोडापासून हातभर लांब, नाहीतर वाळवीला आपणच घर बांधून दिल्यासारखं होतं. नैर्ऋत्येच्या अंगाला पऱ्हाटी किंवा तुराटीचा आडोसा उभा करा. खत देऊ नका, युरिया तर बिलकुल नाही. जागं नसलेलं मूळ ते घेत नाही.

आणि छाटू नका. वाळलेला शेंडा बघवत नाही हे मला माहीत आहे. पण मेच्या उन्हात जिवंत हद्द अजून थोडी खाली सरकू शकते. आता हिरव्यावर कापलं तर तिथून आणखी वाळत येईल. नवीन फुटवा वीतभर झाला की त्याच्या वर, जिवंत लाकडात कापा आणि तोंडाला बोर्डो पेस्ट लावा.

ज्या दोन झाडांत जमिनीवर काहीच जिवंत नव्हतं, त्यांची एका अंगाची माती आम्ही चार बोटं खोल काढली आणि पेन्सिलीएवढं एक मूळ खरवडलं. जिवंत मूळ आतून पांढरं, ओलं असतं. इथे एकाची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत तपकिरी दोरा उरला. दुसऱ्याचंही मूळ कोरडं खट्ट होतं. ती दोन झाडं त्या दिवशी उपटली. पूर्ण सकाळीत खात्रीनं मेलेलं म्हणता आलं ते एवढंच.

बाकीच्यांसाठी मी मुदत ठरवून देते, कारण मुदत नसली की माणूस एकतर घाई करतो नाहीतर वर्षभर मेलेल्या काडीला पाणी घालतो. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. पहिला जमीन भिजवणारा पाऊस झाल्यावर तीन आठवडे थांबा. तोवर डोळा फुगला नाही आणि ओरखडाही तपकिरी निघाला, तर झाड गेलं. डोळा फुगला नाही पण ओरखडा हिरवा असेल तर जुलै संपेपर्यंत ठेवा.

फुटवा आला, पण कुठून?

१३ झाडं सगळी फुटली, काही तर मेअखेरच्या वळवाच्या सरीनंतरच. सहातली ५ तेलरंगाच्या ठिपक्याच्या खाली दोन-तीन डोळ्यांतून फुटली. प्रश्नचिन्हाचं झाड १ मेच्या दुसऱ्या ओरखड्यातच मळकट निघालं आणि जूनमध्ये पूर्ण वाळलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "काकू, ते तीनही जगले! मस्त पानं आले." मी त्याला सांध्याचा फोटो पाठवायला सांगितला. तिन्ही झाडांचे फुटवे सांध्याच्या खालून आले होते.

याचा अर्थ झाड जगलं, पण बालानगर गेलं. उरलं ते खुंटाचं झाड, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं होतं ते. सीताफळात ही गोष्ट पानावरून कळत नाही, कारण खुंट बहुतेक वेळा गावठी सीताफळाचाच असतो आणि पान सारखंच दिसतं. चार वर्षं वाढवल्यावर बारीक, बियांनी भरलेली फळं लागतात तेव्हा लोकांना समजतं. संत्र्याचं कलम जंबेरीवर असेल तर खालच्या फुटव्याचे काटे जास्त असतात, पान चोळल्यावर वास वेगळा येतो, तिथे ओळख पटते. सीताफळात एकच खूण चालते: फुटवा सांध्याच्या वरून निघाला की खालून. म्हणून एप्रिलमध्येच, खोड उघडं असताना, सांध्यावर तेलरंगाची पट्टी ओढून ठेवा. पावसात गवत वाढलं की सांधा शोधून सापडत नाही.

मी त्याला सांगितलं, तिन्ही उपटू नको. प्रत्येकावर एकच सरळ, जोमदार फुटवा ठेव, बाकीचे काढून टाक, आणि फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्यावर त्याच धुऱ्यावरच्या चांगल्या बालानगरची काडी बांधू. मूळ जमिनीत बसलेलं असल्यामुळे असं कलम नव्या रोपापेक्षा जोरानं वाढतं.

उरले तीन रिकामे खड्डे: एप्रिलमध्ये उपटलेली दोन झाडं आणि वाळवीचं एक. तिथे नवीन रोपं त्याच पावसात लावली. या वेळी रोप लावण्याआधीच कलमाची पट्टी काढली, आणि बुंध्याला वीतभर चुना फासला.